रोजमेळ: गल्ला मोजायचा कसा, विक्री काढायची कशी

प्रश्न: हर्णैला बंदराच्या रस्त्यावर आमचं छोटं किराणा दुकान आहे. बाबांनंतर मी बघते. दिवसभर गिऱ्हाईक असतं, गल्ल्यात पैसे दिसतात, पण महिनाअखेरीला होलसेलवाल्याचं बिल आलं की हात आखडतो. माझं बी.ए. झालंय, हिशेबाचं शिक्षण काही नाही. रोज नेमकं काय लिहू म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल?

उत्तर:

दापोली तालुक्यातल्या छोट्या दुकानांच्या वह्या मी गेली बावीस वर्षं बघतोय. तुम्ही लिहिलंय तीच तक्रार घेऊन माझ्याकडे सगळ्यात जास्त माणसं येतात. तुम्हाला पूर्ण हिशेब शिकायची गरज नाही. एक रोजमेळ नीट जमला तरी पैसे कुठे जातात ते दिसतं. दोनशे पानांची लांब वही आणि चिठ्ठ्या टोचायची तार एवढंच सामान लागेल. लिहायला बॉलपेन घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत जेल पेनची शाई फुटते, आणि ऑगस्टमध्ये मे महिन्याचं पान वाचता येत नाही, हे मी अनेक वह्यांत पाहिलंय.

पहिली गोष्ट सकाळची. गल्ल्यात रोज ठरलेली मोड ठेवायची, समजा १,५०० रुपये, आणि ती कधी बदलायची नाही. कालचे उरलेले पैसे तसेच पडू देऊ नका. रात्री मोजून १,५०० बाजूला काढायचे, बाकीचे गल्ल्यातून बाहेर. म्हणजे आजचं आज आणि कालचं काल राहतं.

दुसरी गोष्ट दिवसभराची, आणि सगळी अडचण इथेच असते. गल्ल्यातून पैसे बाहेर जाताना, मग कारण कुठलंही असो, आधी चिठ्ठी लिहायची, ती तारेला टोचायची आणि मग पैसे द्यायचे. पाववाला, दूधवाला, टेम्पोचं भाडं हे लोक लिहितात. विसरतात ते घरचं: दुपारी दारावर आलेल्या मासेवालीला दिलेले तीनशे, बचत गटाचा हप्ता, धाकट्याला एस.टी.च्या पाससाठी दिलेले पैसे, वाडीतल्या पालखीची वर्गणी. बँकेत भरायला नेलेल्या रोख रकमेचीही चिठ्ठी हवी. बँकेची स्लिप आहे ना, म्हणून ती राहून जाते. गल्ल्याच्या दृष्टीने गेलेले पैसे ते गेलेलेच. चिठ्ठीवर तारीख, कुणाला, कशासाठी आणि किती, बस्स. घरच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘घर’ असं लिहा.

उधारी वसूल झाली तरी चिठ्ठी लिहायची, कारण तो पैसा आला असला तरी ती आजची विक्री नाही. आज कुणी उधार नेलं तर ते लगेच उधारीच्या वहीत त्याच्या पानावर चढवायचं.

आता रात्रीचं काम. दुकान बंद केलं की आधी नोटा मोजा, वही नंतर उघडा. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. आधी आकडा माहीत असला की मोजताना हात नकळत त्या आकड्याकडे जातो. नोटा लावून मोजायच्या आणि तसंच लिहायचं. एका दिवसाचा मेळ घालून दाखवतो.

पाचशेच्या ९ नोटा म्हणजे ४,५००, दोनशेच्या ४ म्हणजे ८००, शंभरच्या १० म्हणजे १,०००, पन्नासच्या ५ म्हणजे २५०, वीसच्या ७ म्हणजे १४०, दहाच्या १२ म्हणजे १२०, आणि चिल्लर ३०. एकूण ६,८४० रुपये.

तारेवर पाच खर्चाच्या चिठ्ठ्या आहेत: पाव ४२०, दूध ९६०, टेम्पो १५०, मासे (घर) ३००, बचत गट (घर) ५००. बेरीज २,३३०. उधारीची रोख वसुली १,२००.

किराणा दुकानात पाच रुपयांची काडेपेटी आणि दहाची बिस्किटं कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून रोख विक्री उलटी काढायची:

रात्रीचा गल्ला ६,८४०
अधिक दिवसभरात बाहेर गेले २,३३०
वजा सकाळची मोड १,५००
वजा उधारीची वसुली १,२००
रोख विक्री ६,४७०

मग फोनवर आलेले पैसे. ॲपमध्ये आजच्या तारखेची बेरीज बघा. गिऱ्हाइकाने त्याच्या फोनवर दाखवलेल्या हिरव्या खुणेवर हिशेब ठेवू नका, तुमच्या खात्यात आलेलं तेवढंच खरं. समजा ३,१५० आले, त्यातले ८०० एका खलाशाने जुन्या उधारीचे पाठवले होते. म्हणजे फोनवरची विक्री २,३५०. आज उधार नेलेला माल १,४८०.

एकूण विक्री ६,४७० अधिक २,३५० अधिक १,४८०, म्हणजे १०,३०० रुपये.

मेळ लिहीत नाही तो दुकानदार त्या रात्री गल्ल्यातून मोड काढतो, ५,३४० रुपये हातात बघतो आणि म्हणतो, आज पाच हजारांचा धंदा झाला. धंदा झालेला असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. दिवस मंदा गेला असं त्याला वाटतं आणि तो होलसेलवाल्याकडून माल कमी उचलतो. किंवा याच्या उलट होतं. वसुलीचा दिवस असला की गल्ला फुगतो, दिवस चांगला गेला असं वाटतं आणि घरात फ्रीज येतो.

फोनबद्दल अजून एक. क्यूआर ज्या खात्याला जोडलाय त्यावर मुंबईच्या भावाने आईच्या औषधाचे दोन हजार पाठवले, तर ते विक्रीत मिसळतात. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात मुंबईहून पैसे येतात, त्यामुळे हे सारखं होतं. दुकानाचं खातं वेगळं ठेवा आणि घरच्यांना तो नंबर देऊच नका. तेवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी हातात किती उरले? गल्ल्यातले ५,३४० आणि फोनवरचे ३,१५०, मिळून ८,४९०. हे पैसे तुमचे वाटतात, पण त्यातले बहुतेक होलसेलवाल्याचे आहेत. समजा तुमच्या दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीत ८८ रुपये मालाची किंमत असते. मग १०,३०० च्या विक्रीतले सुमारे ९,०६० मालाचे झाले. दूध आणि पाव यांचे १,३८० तुम्ही आजच दिलेत. राहिले ७,६८०. हे त्याच रात्री बाजूला काढायचे, आणि सकाळी बँकेत गेले तर उत्तमच. ८,४९० मधून ७,६८० गेले की ८१० उरतात. त्यातही ५२० हे दिलेल्या उधारीपेक्षा वसुली जास्त झाल्यामुळे दिसताहेत, म्हणजे आधीच्या महिन्यांची कमाई आज हाती आली. आजच्या दिवसाचे खरे उरले २९०. विजेचं बिल आणि फ्रीजची दुरुस्ती यातूनच व्हायची आहे. घरासाठी ८०० तर दुपारीच काढले होते.

महिनाअखेरीला हात का आखडतो याचं उत्तर या २९० मध्ये आहे. विक्री बरी आहे, घरची उचलही अवास्तव नाही, पण ७,६८० बाजूला काढलेच जात नाहीत. ते गल्ल्यात दिसत राहतात आणि खर्च होतात.

८८ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, कारण तेल, साखर, तांदूळ जास्त विकणाऱ्या दुकानाला कमी सुटतं, तर सुटे मसाले, कोकम, काजूगर विकणाऱ्याला जास्त. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त खपणाऱ्या पंधरा-वीस वस्तूंचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव शेजारी शेजारी लिहून अंदाज करा. पक्का आकडा महिन्याने मिळेल. १ तारखेला दुकान उघडायच्या आधी सगळा माल खरेदीच्या भावाने मोजा, पुढच्या १ तारखेला पुन्हा मोजा. पहिली मोजदाद १,८०,००० ची, महिन्यात खरेदी २,७०,००० ची, दुसरी मोजदाद १,७८,००० ची. म्हणजे खपलेला माल २,७२,००० चा. रोजमेळातली महिन्याची विक्री ३,०९,००० असेल, तर शंभराला ८८. ही मोजदाद पहिल्यांदा अख्खी रात्र घेते. शेजारच्या पोराला फळीवर चढवा, तो वस्तू मोजून सांगेल, तुम्ही लिहा.

उलट्या हिशेबाची एक मर्यादा आहे, ती समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका. या पद्धतीत गल्ला कधीच कमी पडत नाही. चिठ्ठी लिहायची राहिली किंवा कुणी पैसे काढले, तर तूट अशी दिसतच नाही, त्या दिवसाची विक्री तेवढी कमी दिसते. मेळ रोज बसतो आणि पैसे जात राहतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानात असंच झालं, आणि चूक माझीही होती. वही स्वच्छ लिहिलेली असायची, मी सही करून मोकळा व्हायचो. वर्षभराने खरेदीची बिलं एकत्र केली तेव्हा दिसलं, की एका महिन्यात २,७२,००० चा माल खपलाय, म्हणजे विक्री तीन लाखांच्या वर हवी, आणि वहीत २,९१,००० आहे. रोजचे साधारण सहाशे रुपये नाहीसे होत होते. दुकानात मदतीला एक पोरगा होता, घरच्यांनी त्याच्यावर संशय घेतला आणि मीही गप्प बसलो. आठवडाभराने कळलं, की दुपारी दोन ते चार आजी गल्ल्यावर बसायच्या. मासे, भाजी, फुलं, दारावरचा भंगारवाला, सगळं त्या गल्ल्यातून द्यायच्या. चिठ्ठी त्या लिहू शकत नव्हत्या आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पोरगा तोवर काम सोडून गेला होता. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली, पण तो परत आला नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करायला लावतो. एक म्हणजे जो गल्ल्यावर बसेल त्याला जमेल अशी चिठ्ठी. त्या आजींना मग एक वेगळा डबा दिला. सकाळी त्यात पाचशे ठेवायचे, दारावरचं सगळं त्यातून द्यायचं, आणि रात्री डब्यातून कमी झाले तेवढ्याची एक चिठ्ठी सुनेने लिहायची. दुसरी म्हणजे एखादी मोजता येणारी वस्तू रोज मोजायची. दुधाच्या पिशव्या सगळ्यात सोप्या: सकाळी चाळीस आल्या, रात्री तीन उरल्या, सदतीस गेल्या. महिनाभर पिशव्या तेवढ्याच जात असतील आणि वहीतली विक्री मात्र उतरत असेल, तर गिऱ्हाईक कमी झालेलं नाही, चिठ्ठ्या राहताहेत.

एखादा महिना सगळी विक्री लिहायची ठरवलीत, तर मात्र तूट थेट दिसेल. तेव्हा फरक किती आहे ते बघा. फरकाला नऊने भाग जात असेल, तर बहुतेक वेळा आकडे उलटे लिहिले गेलेले असतात, ५४० चे ४५० झाले की ९० चा फरक पडतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद वहीत सापडली, तर ती जमेऐवजी खर्चात किंवा खर्चाऐवजी जमेत गेलेली असते. आणि वीस-तीस रुपयांचा फरक असेल तर ‘फरक’ असं लिहून झोपा. तो मिटवायला स्वतःच्या पर्समधले पैसे गल्ल्यात टाकू नका. त्याने मेळ बसतो, पण चूक कायमची लपते.

तुमचं दुकान बंदरावर आहे, म्हणून उधारीबद्दल थोडं जास्त लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, खलाशांच्या हाती पैसा नाही, पण घरात तांदूळ तर लागतोच. तेव्हा उधारी वाढणार, आणि ती देऊ नका असं मी सांगणार नाही. बंदरावरचं दुकान त्याच माणसांवर चालतं. फक्त ती मोजा. दर महिन्याच्या १ तारखेला उधारीच्या वहीतल्या सगळ्या पानांची बाकी एका कागदावर उतरवून बेरीज करा. मे अखेरीला ३८,००० होती आणि जुलै अखेरीला ७१,००० झाली, तर होलसेलवाल्याचे ३३,००० वाडीत लोकांच्या घरी आहेत. मागच्या वर्षीच्या अशा कागदांवरून हे एप्रिलमध्येच माहीत असेल, तर आंब्याच्या आणि पर्यटकांच्या गर्दीत हाती आलेल्या पैशातून तेवढी तजवीज करता येते, किंवा होलसेलवाल्याशी आधीच बोलून ऑगस्टची मुदत घेता येते. बिल थकल्यावर मागितलेली मुदत आणि आधी आकडा दाखवून मागितलेली मुदत यात त्याच्या वागण्यात मोठा फरक पडतो.

प्रत्येक गिऱ्हाइकाला उधारीच्या वहीत एक पान. तारीख, नेलं, दिलं, बाकी, असे चार रकाने. बाकी प्रत्येक ओळीला काढायची. कॅलेंडरच्या मागे किंवा बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं त्याच रात्री वहीत आलं पाहिजे. आणि वर्षातून एकदा तरी, नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की, बाकीच्या आकड्याखाली त्या माणसाची तारखेसह सही घ्या. उधारी वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीच्या आत बाकी मान्य करून सही दिली की मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. कोर्टात तुमची एकटीची नोंद पुरेशी होत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो, आणि सही हा चांगला पुरावा. कोर्टात कुणी जात नाही हे मला माहीत आहे. पण सही करताना माणूस आकडा वाचतो, आणि वाद असेल तर तो तिथेच, माणसं जिवंत आणि बोलती असताना निघतो. तुमच्या बाबांच्या वेळची जी बाकी असेल, तिच्यावर या गणपतीत सह्या घ्या. मुंबईची माणसं त्याच दहा दिवसांत घरी भेटतात.

होलसेलवाल्याचं देणं रोजमेळात लिहायचं नाही, कारण गल्ल्यातून अजून काही गेलेलं नाही. वहीच्या मागच्या पानावर ‘देणी’ म्हणून ज्याचं बिल त्याच्या नावाखाली तारीख आणि रक्कम लिहा. पैसे दिले की त्या दिवशी खोडा आणि बिलावर ‘दिले’ लिहून फाईलला लावा.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण वरच्या आकड्यातूनच निघते. रोज १०,३०० म्हणजे वर्षाला साडेसदतीस लाख. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. या उलाढालीत उधारीची विक्रीही येते, आणि दूध, सुटा तांदूळ अशा कर नसलेल्या वस्तूंची विक्रीही येते. हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात बऱ्याच घरांनी पर्यटकांसाठी दोन-तीन खोल्या काढल्या आहेत. त्या खोल्या दुकान ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर असतील, तर ती सेवा झाली. मग ४० ऐवजी २० लाखांची मर्यादा लागते आणि दुकान व खोल्या यांची उलाढाल एकत्र धरली जाते. तसं असेल तर रोजमेळाची वही घेऊन दापोलीत एखाद्या सीएला लवकर भेटा. रोजची विक्री तारखेनिशी लिहिलेली असली की तो पंधरा मिनिटांत सांगेल काय करायचं ते. नसली तर तो बँकेत आलेल्या प्रत्येक रकमेबद्दल विचारत बसेल, आणि भावाने आईच्या औषधाला पाठवलेले दोन हजार हे विक्रीचे नाहीत, हेही तुम्हालाच दाखवून द्यावं लागेल.